विश्लेषण : एसीच्या दोन लेबलांचे फोटो, एक वीजबिल... जादा पैसे किती वर्षांत वसूल होतात?

मार्च उजाडला की धारणीतल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा कूलरवर भागवायचे की एसी घ्यायचा? खरेदी परतवाडा, अमरावती, अकोला किंवा सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरला होते. एक जण दुकानात जातो आणि एसीवरच्या स्टार लेबलचे फोटो घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. एक ३ स्टारचा, एक ५ स्टारचा. किमतीत आठ-नऊ हजारांचा फरक. दुकानदाराचे म्हणणे, 'दोन वर्षांत पैसे वसूल.' हा दावा खरा की खोटा, हे त्या दोन फोटोंवरून आणि घरच्या वीजबिलावरून तपासता येते. मात्र लेबलवरचा आकडा उचलून थेट दराने गुणला, तर उत्तर हमखास चुकते.

लेबलच्या फोटोत नेमके काय पाहायचे?

सर्वांत ठळक दिसतात ते स्टार. हिशेबाला त्यांचा उपयोग सर्वांत कमी. खोलीच्या एसींना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) लेबल २०१० पासून सक्तीचे आहे आणि स्टारचे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. उदाहरणार्थ, २०१८ च्या तक्त्यानुसार आयएसईईआर ४.५० असलेला स्प्लिट एसी ५ स्टार ठरत असे. जुलै २०२२ पासून त्याच ५ स्टारसाठी ५.०० लागू लागले. म्हणजे ४.६ आयएसईईआरचे यंत्र जूनमध्ये ५ स्टार होते आणि जुलैत ४ स्टार झाले. यंत्र तेच, वीजही तेवढीच. जानेवारी २०२६ पासून निकष पुन्हा कडक झाले आहेत. त्यामुळे एका फोटोत मागच्या वर्षीचे ५ स्टार आणि दुसऱ्यात या वर्षीचे ४ स्टार लेबल असेल, तर दोन्ही एसी जवळपास सारखेच असू शकतात. लेबलवर त्याचे वर्ष किंवा मुदत छापलेली असते. फोटोत ती ओळ आलीच पाहिजे.

हिशेबाला लागणारे आकडे तीनच आहेत. पहिला आयएसईईआर, म्हणजे पूर्ण हंगामात एक युनिट वीज खाऊन एसी किती युनिट उष्णता खोलीबाहेर फेकतो, त्याचे प्रमाण. दुसरा आकडा वॉटमध्ये दिलेल्या थंड करण्याच्या क्षमतेचा. तिसरा, वर्षाला किती युनिट लागतील तो. 'दीड टन' हे ढोबळ नाव आहे. प्रत्यक्षात दीड टनाचा एक एसी ४,८०० वॉटचा निघतो, दुसरा ५,००० किंवा त्याहून अधिक.

फोटोत चकाकी आली की ८ चा ३ दिसतो आणि दशांश चिन्ह गायब होते. आकडा बरोबर वाचला का, हे पडताळायला सोपी युक्ती आहे. क्षमता किलोवॉटमध्ये घ्यावी, तिला ७७५ ने गुणावे आणि आयएसईईआरने भागावे. उत्तर लेबलवरच्या वार्षिक युनिटच्या जवळपास, दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने, आले पाहिजे. ५ किलोवॉट आणि ५.२ आयएसईईआर असेल तर ५ × ७७५ ÷ ५.२ म्हणजे ७४५ युनिट. लेबलवर ७४५ ऐवजी ९४५ वाचले गेले असेल तर कुठेतरी गफलत आहे. मॉडेल क्रमांक टाकून बीईईच्या 'BEE Star Label' या मोबाइल अ‍ॅपवरही खात्री करता येते. मात्र क्रमांकाच्या शेवटची अक्षरेही जुळली पाहिजेत. एकाच मालिकेतल्या दोन यंत्रांत फरक कधी कधी तेवढ्याच एका अक्षराचा असतो.

हा ७७५ आकडा आला कुठून?

लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात, हे अनेकांना माहीत असते. ते तास कोणत्या तापमानाचे, हे फारसे सांगितले जात नाही. प्रमाणकात बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत धरले आहे आणि प्रत्येक अंशाला किती तास, हे ठरवून दिले आहे. २४ ते ३० अंशांच्या वाट्याला १,१११ तास येतात. ३५ अंशांच्या वरचे फक्त १३२ तास आणि ४० किंवा त्याहून अधिक अंशांचे अवघे ३०. मे महिन्यात वऱ्हाडात चाळिशीपार गेलेले ३० तास भरायला चार-पाच दुपारी पुरतात. देशभराची सरासरी म्हणून हा तक्ता ठीक आहे. मुंबई-बेंगळूरुही त्यातच आहेत. धारणीच्या उन्हाळ्याशी मात्र त्याचे जमत नाही.

यात दुसरे गृहीतकही आहे. बाहेर २३ अंश असताना खोलीला थंडाव्याची गरज शून्य आणि ३५ अंशांना एसीची पूर्ण क्षमता वापरली जाते, असे मानले आहे. मधल्या तापमानांना त्या प्रमाणात भार. २९ अंशांचा एक तास म्हणजे अर्धा भार, ३५ अंशांचा एक तास म्हणजे पूर्ण भार. या पद्धतीने १,६०० तासांची बेरीज केली की पूर्ण भाराचे सुमारे ७७५ ते ७८० तास भरतात. लेबलवरचे युनिट म्हणजे जणू एवढे तास पूर्ण जोराने चाललेला एसी.

याच गृहीतकातून एक फसवी गोष्ट निघते. भार एसीच्या स्वतःच्या क्षमतेवरून ठरत असल्याने लहान एसीच्या लेबलवर युनिट आपोआप कमी दिसतात. लेबल समजते की लहान एसी लहान खोलीतच बसणार. घरची खोली तर एकच आहे. त्यामुळे वेगवेगळ्या क्षमतेच्या दोन एसींची तुलना करताना युनिट आधी एका पातळीवर आणावे लागतात.

प्रत्यक्ष उदाहरणात हे कसे बसते?

समजा, दोन फोटो असे आहेत. पहिला एसी ३ स्टारचा : ४,८०० वॉट, आयएसईईआर ३.९, वर्षाला ९५५ युनिट, किंमत ३६,००० रुपये. दुसरा ५ स्टारचा : ५,००० वॉट, आयएसईईआर ५.२, वर्षाला ७४५ युनिट, किंमत ४४,५०० रुपये. लेबले दोन्ही एकाच तक्त्याच्या काळातली. किमती उदाहरणादाखल आहेत. वाचकाने आपल्या दुकानातल्या टाकाव्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने त्याआधीच्या किमतीचा फोटो असेल, तर तो बाजूला ठेवलेला बरा.

आधी क्षमता सारखी करू. पहिल्याचे ९५५ युनिट ५,००० ने गुणून ४,८०० ने भागले की ९९५ येतात. म्हणजे लेबलवर दोघांत २१० युनिटचा फरक दिसतो, पण एकाच खोलीसाठी तो खरे तर २५० युनिटचा आहे.

आता धारणीतला वापर. हे कुटुंब १ एप्रिल ते मृग लागून पाऊस स्थिरावेपर्यंत, म्हणजे मध्य जूनपर्यंत, ७५ रात्री सात-सात तास एसी लावेल असे धरू. शिवाय एप्रिलच्या मध्यापासून ६० दिवस दुपारी तीन तास. रात्रीचे तास झाले ५२५ आणि दुपारचे १८०. एकूण ७०५ तास. लेबलच्या १,६०० तासांशी तुलना केली तर हे जेमतेम ४४ टक्के. इथेच बहुतेक जण थांबतात आणि 'आपला वापर लेबलच्या निम्म्याहून कमी' असे समजतात.

पण तास सारखे नाहीत. रात्री दहाला अंगण अजून तापलेलेच असते, पहाटे थोडे निवते. रात्रभराची सरासरी ३१ अंशांच्या आसपास धरली तर भार सुमारे ०.६५ येतो. दुपारी पारा चाळिशीपार असतो, तेव्हा भार पूर्ण, म्हणजे १. मग ५२५ × ०.६५ बरोबर ३४१, त्यात दुपारचे १८०. पूर्ण भाराचे ५२१ तास. ७७५ च्या तुलनेत हे ६७ टक्के होतात. ७०५ तासांतच हा एसी लेबलच्या दोन-तृतीयांश वीज खातो. धारणीचा एक तास लेबलच्या सरासरी तासापेक्षा बराच जड आहे, एवढाच याचा अर्थ.

पहिल्या एसीचे ९९५ युनिट ६७ टक्क्यांनी झाले सुमारे ६७०. दुसऱ्याचे ७४५ याच प्रमाणात ५०० होतात. पण इथे थोडी सावधगिरी हवी. ५ स्टारच्या इन्व्हर्टर एसीची मोठी बचत कमी भारावर होते, जेव्हा कॉम्प्रेसर हळू चालतो. भर दुपारी तो पूर्ण जोराने धावतो आणि दोन्ही एसींमधले अंतर घटते. म्हणून दुसऱ्यासाठी ५०० ऐवजी ५२१ युनिट धरू. बचत उरते १४९ युनिटची. लेबलने सुचवलेली २१०, दुरुस्त केलेली २५० आणि धारणीतली १४९, हे तिन्ही आकडे त्याच दोन फोटोंमधून निघाले आहेत.

युनिटला दर कोणता लावायचा?

घरोघरी सर्वाधिक चूक इथे होते. बिलाची एकूण रक्कम युनिटने भागून येणारा सरासरी दर या हिशेबाला चालत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पंखा, फ्रिज, टीव्ही, दिवे यांचे युनिट खालच्या टप्प्यात बसतात. एसीचे युनिट त्यावर चढतात आणि वाचलेला प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होतो.

२०२४-२५ च्या दरपत्रकानुसार वीज आकार पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ना १०.२९ रुपये आणि ३०१ ते ५०० ना १४.५५ रुपये होता. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार आणि मग १६ टक्के वीज शुल्क. सगळे मिळून मधल्या टप्प्यातला युनिट १३.२९ रुपयांना पडतो आणि ३०० च्या पुढचा १८.२४ रुपयांना. इंधन समायोजन आकार असेल तर तो वेगळा. नंतर दर बदलले आहेत, त्यामुळे ताज्या बिलाच्या मागचे टप्पे पाहून हेच गणित नव्याने करावे. स्थिर आकार धरू नये. एसी कोणताही घेतला तरी तो तेवढाच येतो.

या घराचा एसीशिवायचा उन्हाळी वापर महिन्याला १३० युनिट मानू. पहिला एसी एप्रिलमध्ये २३३, मेमध्ये ३०१ आणि जूनमध्ये १३६ युनिट खाईल. एकूण मीटर एप्रिलात ३६३, मेमध्ये ४३१, जूनमध्ये २६६ वर जातो. दुसऱ्या एसीने हेच आकडे ३११, ३६४ आणि २३६ होतात. एप्रिल आणि मेमध्ये वाचलेले सगळे ११९ युनिट ३०० च्या वरच्या टप्प्यातले आहेत, जूनचे ३० मधल्या टप्प्यातले.

टप्पे लावून बेरीज केली की पहिल्या एसीचा वर्षाचा खर्च सुमारे ९,८६० रुपये येतो, दुसऱ्याचा ७,३०० रुपये. फरक २,५७० रुपयांच्या आसपास. मे महिन्याचे ४३१ युनिटचे बिल याच दराने स्थिर आकारासह काढले, तर सरासरी दर १३ रुपये ६४ पैसे निघतो. तोच सगळ्या १४९ युनिटना लावला असता तर बचत २,०३० रुपयेच दिसली असती. सरासरी दराने ५ स्टारवर अन्याय होतो, तो असा.

मग पैसे किती वर्षांत वसूल?

जादा मोजलेले ८,५०० रुपये. वर्षाची बचत २,५७०. भागाकार ३.३. म्हणजे चौथ्या उन्हाळ्यात पैसे वसूल आणि त्यानंतरची बचत निव्वळ पदरात. दुकानदाराचे 'दोन वर्षे' तितकेसे खरे नाही, पण अगदी हवेतलेही नाही. १,६०० तास पूर्ण वापरणारे घर किंवा दिवसभर एसी चालणारे दुकान असेल, तर तेवढ्यातही वसुली होऊ शकते.

हे उत्तर वापरावर फार हलते. घरचा इतर वापर इतका कमी असेल की एसी लावूनही मीटर ३०० च्या आत राहतो, तर तेच १४९ युनिट १३.२९ रुपयांनी मोजावे लागतील. बचत १,९८० रुपयांवर येते आणि वसुलीला सव्वाचार वर्षे लागतात. एसी फक्त मे महिन्यातच लावणाऱ्या घराची बचत सुमारे ६७ युनिट, म्हणजे १,२२० रुपये. मग सात वर्षे. छतावर सोलर बसवून उन्हाळ्याचे बिल जवळपास शून्यावर आणलेल्या घरात वाचलेल्या युनिटची किंमत आणखी घटते आणि हे गणित मुळातच वेगळे मांडावे लागते.

उलट, वसुली लवकर व्हावी म्हणून एसी अधिक चालवण्यात काही हशील नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींना २४ अंशांची पूर्वनिश्चित सेटिंग सक्तीची आहे. लेबलची चाचणी तर खोलीत २७ अंश धरून होते. रिमोटवर २० ठेवले की दोन्ही एसी लेबलपेक्षा जास्त खातात. बीईईच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. २४ वरून २६ वर नेले तर ३ स्टारच्या एसीतही वर्षाला हजार-बाराशे रुपये वाचतात, तेही एक पैसा जादा न मोजता.

हिशेबात न येणाऱ्या गोष्टी कोणत्या?

लेबलची चाचणी प्रयोगशाळेत स्थिर दाबावर होते. जिथे संध्याकाळी व्होल्टेज खाली जाते, तिथे यंत्र पूर्ण क्षमता देईलच असे नाही. स्टॅबिलायझर लागला तर त्याची किंमत दोन्ही बाजूंना सारखीच धरावी. फक्त एका मॉडेलला तो लागत नसेल, तर तेवढे पैसे किमतीच्या फरकातून वजा करावेत. दुरुस्तीचा प्रश्न धारणीसारख्या ठिकाणी अधिक बोचतो. इन्व्हर्टर एसीतील इलेक्ट्रॉनिक कार्ड हमीची मुदत संपल्यावर गेले, तर एका वर्षाची बचत त्यातच जाऊ शकते, शिवाय मेळघाटचा घाट चढून येणाऱ्या कारागिराचा खर्च निराळा. आता अनेक ३ स्टार एसीही इन्व्हर्टरच असतात, त्यामुळे हा धोका एकट्या ५ स्टारच्या खात्यावर टाकता येत नाही. कॉम्प्रेसरच्या लांबलचक हमीपेक्षा कार्डाची हमी किती वर्षांची, हे विचारून घ्यावे.

काही फरक तर खरेदीनंतर कळतो. पहिल्या महिन्यात एसी लावण्याआधी आणि सकाळी बंद केल्यावर मीटरचे आकडे टिपावेत. फ्रिज आणि पंख्याचा वाटा एसीशिवायच्या एका रात्री मोजून वजा करावा. उदाहरणातल्या ५ स्टार एसीला एका मे रात्री, सात तासांत, साडेचार युनिटच्या आसपास लागायला हवेत. सात-आठ लागत असतील तर आधी जाळी धुवावी. मग दार-खिडक्यांच्या फटी आणि बाहेरच्या यंत्रावर पडणारे ऊन पाहावे. तरीही आकडा उतरला नाही, तर गॅस तपासून घ्यावा.

राहिला कूलर. वऱ्हाडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये चांगला कूलर तासाला पाव युनिटच्या आत खोली थंड करतो आणि अनेक घरांत एसी आला तरी कूलर जात नाही. असे घर कोरडे दिवस कूलरवर काढते. पाऊस सुरू झाल्यावर हवा दमट होते आणि कूलर निरुपयोगी ठरतो, तेव्हाच एसी लावते. समजा अशा ४० रात्री, सहा-सहा तास, निम्म्या भारावर. पूर्ण भाराचे १२० तास. ५ स्टारची बचत होते जेमतेम ३९ युनिट, साधारण ५१५ रुपये. दमटपणामुळे ती थोडी वाढेल. तरी ८,५०० रुपये वसूल व्हायला सोळा वर्षे लागतील आणि एसी तोवर टिकेल याची खात्री नाही. अशा घराने ३ स्टार घ्यावा.